दोन वर्षांचा डावा कौल

भोकरवाडीच्या संपतनाना गुरवांना आजवर कुणी खोटारडं म्हटलेलं नाही. रागीट म्हटलंय, हट्टी म्हटलंय, चहात साखर जास्त लागणारा म्हातारा म्हणून सुनांनी नावंही ठेवलीत. पण खोटं बोलणं हा नानांचा धंदा नव्हे, असं मार्गासनीपासून वर डोंगरापर्यंत कुणीही सांगेल. सांगणाऱ्यांचं बरोबरच आहे. नाना आयुष्यात मोजून तीनदा खोटं वागले, आणि त्यातलं तोंडानं एकदाच, हातानं दोनदा. हातानं केलेलं खोटं लोकांच्या लक्षात येत नाही, एवढाच काय तो फायदा. तोटा असा की ते ज्याचं त्याला विसरता येत नाही.

नाना रानजाईचे पुजारी. देऊळ लहान, पत्र्याचं, मागे चार-पाच एकरांची देवराई. तिथलं वाळलेलं लाकूडही कुणी घरी नेत नाही. देवीला मूर्ती नाही, शेंदूर लावलेला अनघड दगड, म्हणजे तांदळा आहे, आणि वाडीचा सगळा कारभार त्या तांदळ्याला विचारून चालतो. विहीर कुठं खणायची, सोयरीक करायची की नाही, म्हैस विकायची की ठेवायची, सगळ्याला कौल. नानांनी तांदळ्याला दोन ओल्या कळ्या लावायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. विचारणाऱ्यानं समोर बसून प्रश्न मनात धरायचा. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी आधी पडली तर नकार. कधी पाच मिनिटांत पडते, कधी तासभर लोक मांडी मोडून बसतात. त्यावर शाळा शिकलेली पोरंसुद्धा वाद घालत नाहीत, कारण घरी आई असते.

यंदाच्या जानेवारीत एका दुपारी सुलक्षणा देवळात आली. वाडीतल्या गोरखची थोरली मुलगी. पुण्यात एम.एस्सी. झालेली, झाडापाल्याच्या अभ्यासात पहिल्या वर्गात पास, आणि आता स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात पुढं शिकायला अर्ज केलेली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत छापलेले कागद. ती नानांच्या पाया पडली आणि ओट्यावर बसली. नानांना ती पाया पडली की नेहमीच कसंतरी व्हायचं. त्या दिवशी जरा जास्त झालं.

काम असं होतं. विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीतून तिला पत्र आलं होतं. अर्ज चांगला आहे, गुण चांगले आहेत, पण बी.एस्सी. दोन हजार एकवीसला संपली आणि एम.एस्सी. दोन हजार तेवीसला सुरू झाली. मधल्या दोन वर्षांचं काय? त्याचा खुलासा एका पानात लिहावा, खाली सही करावी. घराबाहेरच्या, पण परिस्थिती ठाऊक असलेल्या एखाद्या माणसाचं पत्र जोडता आलं तर जोडावं, त्यात त्याचा पत्ता आणि फोन नंबर द्यावा. ते पत्र इंग्रजीत नसेल तर भाषांतर करणाऱ्यानं सही करून, हे भाषांतर बरोबर आहे असं लिहून द्यावं. शुक्रवारच्या आत.

पुण्याला एम.एस्सी.ला जातानाही असाच कागद लागला होता. तेव्हा वेल्ह्याला जाऊन तिनं प्रतिज्ञापत्र केलं होतं, त्यात कारण लिहिलं, ‘घरगुती अडचण’. बस्स. कुणी वर मान करूनसुद्धा पाहिलं नाही. आपल्याकडं घरगुती अडचण म्हटलं की पुढचं विचारणं असभ्य समजतात. तिकडं मात्र कुठली अडचण, केव्हापासून, केव्हापर्यंत, आणि त्या काळात तुम्ही काय केलंत, असं सगळं विचारतात. पुण्यातल्या एका एजंटानं तिला सोपी वाट दाखवली होती. आई आजारी होती असं लिहा, डॉक्टरचा कागद मी मिळवून देतो. सुलक्षणा त्याला म्हणाली, आईला आजारी पाडून मी शिकायला जाऊ? आणि उठून आली. तिला शिकवणाऱ्या शेफाली मॅडमनी सांगितलं होतं, जे झालं तेच लिही, रडगाणं गाऊ नको, कुणाला दोष देऊ नको, तारखा गुणपत्रिकांशी जुळू देत, आणि उद्या कुणी फोनवर विचारलं तर न अडखळता सांगता येईल एवढंच लिही.

तिनं पत्र लिहिलं होतं. इंग्रजीतच, पण ते नानांना मराठीत वाचून दाखवलं.

पत्रात असं होतं की आमच्या वाडीत मोठा निर्णय देवीला विचारून घेतात. दोन हजार एकवीसच्या नवरात्रात वडिलांनी कौल घेतला, मुलीला पुण्याला शिकायला पाठवू का? कौल डावा आला. मी थांबले. त्या दोन वर्षांत देवळाचे पुजारी संपत गुरव यांनी मला देवराईत जायची परवानगी दिली. बायकांनी आत जायची पद्धत नव्हती. त्यांनी स्वतः बरोबर येऊन एकशे एकोणचाळीस झाडं, वेली, कंद मला दाखवले, त्यांची गावातली नावं आणि उपयोग सांगितले. मी नमुने वाळवले, कागदांवर चिकटवले, नोंदी केल्या. पुढं एम.एस्सी.चा प्रबंध त्याच्यावरच झाला. देवीनं नाही म्हटलं नसतं तर हे काम झालं नसतं. मी त्या दोन वर्षांना खंड समजत नाही.

वाचून झाल्यावर तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आनंदाचं.

‘‘नाना, तुमी फक्त एवढं लिहून द्या की कौल डावा आलेला खरा आहे, अन् मी दोन वर्षं देवराईत काम केलं. बाकी काई नको.’’

नाना म्हणाले, देतो की. मग म्हणाले चष्मा सापडत नाही. मग म्हणाले मंगळवारी बघू, सोमवारी मोडता दिवस आहे, सहीला चालत नाही. सोमवारी कसलाही मोडता दिवस नव्हता. सुलक्षणा बिचारी हसली आणि मंगळवारी येते म्हणून गेली.

आता त्या नवरात्रात काय झालं होतं, ते सांगणं भाग आहे.

नानांची धाकटी मुलगी नूतन आणि सुलक्षणा एकाच वयाच्या. एकाच एस.टी.नं भोरला कॉलेजला जायच्या, एकाच बाकावर बसायच्या, एकाच विषयात बी.एस्सी. झाल्या. दुसऱ्या वर्षाच्या निकालात नूतनला दोन टक्के जास्त होते, आणि ते दोन टक्के तिनं सुलक्षणाला वर्षभर ऐकवले होते. शेवटचा निकाल लागायच्या आधीच कामथडीचं स्थळ आलं. शेती पाण्याखालची, मुलगा सरळ. नूतन म्हणाली, नाना, मला पुढं शिकायचंय. नाना म्हणाले, देवीला विचारतो. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटेच देवळात गेले, तांदळ्याला पाणी घातलं, दिवा लावला आणि घरी येऊन सांगितलं, कौल डावा आला. कळ्या त्यांनी लावल्याच नव्हत्या. लावल्या असत्या आणि उजवी पडली असती तर काय करायचं, ह्याची त्यांना भीती वाटली. नूतननं वाद घातला नाही. पुजाऱ्याची पोर देवीशी वाद कसा घालणार? मे महिन्यात कोरोनाच्या नियमानं पंचवीस माणसांत लग्न झालं, सगळ्यांच्या तोंडाला मुसकी बांधलेली, पोरगी रडतेय की हसतेय तेही दिसेना.

आणि चार-पाच महिन्यांनी, ऐन नवरात्रात, गोरख समोर येऊन बसला. त्याच्याही पोरीचा तोच प्रश्न. नूतन पहिल्या सणाला माहेरी आलेली. देवळाच्या दारात उभी राहून बघत होती. नानांच्या हातात दोन ओल्या कळ्या होत्या. त्यांच्या मनात एकच आलं. ही उजवी पडली, तर दारातली पोर विचारील, नाना, देवी तीच, वर्ष तेच, मग तिला हो आणि मला नाही कसं?

तांदळ्याच्या उजव्या अंगाला नवरात्रासाठी नवा शेंदूर चढवला होता. तेलातला, अजून मऊ होता. डावं अंग जुनं, कोरडं. नानांनी उजवी कळी अंगठ्यानं जरा जोरात दाबली. ती शेंदरात रुतली. डावीला नुसती टेकवली. मिनिटभरात डावी खाली आली. गोरखनं हात जोडले. नूतन दारातून आत आली, प्रसाद घेतला, आणि सासरी जाताना सुलक्षणाच्या गळ्यात पडून रडली. दोघींचं दुःख एक झालं म्हणून तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं असावं. नानांनी ते पाहिलं आणि त्यांना तेव्हाच कळलं की आपण एकीचं झाकायला दुसरीचं बुडवलं.

देवराईत जायची परवानगी, सोबत फिरणं, एकशे एकोणचाळीस नावं, हे सगळं त्यातूनच आलं. पोरगी समजत होती नानांचं मन मोठं. नाना काट्यांतून तिच्यापुढं चालायचे ते मन मोठं म्हणून नव्हे. घरी बसलं की जेवण जायचं नाही, म्हणून. दोन वर्षांनी त्यांनीच गोरखला म्हटलं, एकदा पुन्हा विचारून बघ की. त्या वेळी डावी कळी दाबली. उजवी पडली. गोरखनं सव्वाशे माणसांना जेवण घातलं आणि नानांना धोतरजोडी दिली. ती पेटीत तशीच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मंगळवारी सुलक्षणा गाडी घेऊन आली आणि नानांना मागे बसवून भोरला घेऊन गेली. कोर्टासमोर टेबल टाकून बसणारे अमृत वकील भाषांतरं करून देतात. सातबारा, जन्मदाखले, वारसाचे कागद, सगळं इंग्रजीत करतात, खाली स्वतःचं नाव, पत्ता, तारीख, फोन आणि ‘मूळ कागदाप्रमाणे बरोबर’ असं लिहून शिक्का मारतात. वाटेत मागे बसून नाना एकच गोष्ट घोकत होते. आपण नुसती सही करायची. पोरीचं भलं होतंय. कुणाचं वाईट होत नाही. उलट सगळं चांगलंच झालं, प्रबंध झाला, परदेश आला. देवीनंच माझ्या हातून करून घेतलं असेल. हा शेवटचा विचार आला तेव्हा मात्र त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

अमृत वकिलांचा एक नेम आहे. माणूस सांगेल ते आधी मराठीत लिहून काढायचं, मग एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारायचं, बरोबर? समोरचा ‘व्हय’ म्हणाला तरच पुढं. ह्या नेमानं त्यांची दोन गिऱ्हाइकं रोज उठून जातात. त्या दिवशीही त्यांनी सुलक्षणानं सांगितलं तसं लिहिलं आणि वाचायला घेतलं.

‘मी, संपत भिमा गुरव, वय चौसष्ट, राहणार भोकरवाडी, रानजाई देवस्थानचा पुजारी.’ बरोबर? व्हय. ‘मी कुमारी सुलक्षणा गोरख हिला लहानपणापासून ओळखतो.’ बरोबर? व्हय. ‘सन दोन हजार एकवीसच्या नवरात्रात तिच्या वडिलांनी घेतलेला कौल मी स्वतः लावला व देवीने डावा कौल दिला.’ बरोबर?

नाना टेबलावरच्या शिक्क्याकडं बघत राहिले.

वकिलांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं, आवाज चढवून. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

‘‘कौल मी लावला,’’ नाना म्हणाले. ‘‘देवीनं दिला न्हाई. म्या पाडला.’’

सुलक्षणा बाकावर शेजारीच बसली होती. नानांनी तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. शेंदूर मऊ होता ते, अंगठा ते, नूतन दारात उभी होती ते. नूतनचा कौल लावलाच नव्हता, तेही सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. लाज वाटली, आणि ती चारचौघांत वाटली, एवढंच.

अमृत वकिलांनी पेन खाली ठेवलं. मग सुलक्षणानं विचारलं, ‘‘अन् दोन वर्षांनी उजवा लागला, तो?’’

‘‘तो पन म्याच.’’

ती उठली आणि कोर्टाच्या कुंपणाजवळ जाऊन पाठमोरी उभी राहिली. वकिलांनी हळू आवाजात नानांना शहाणपणाचा सल्ला दिला. म्हणाले, म्हातारबुवा, ही तुमची भानगड कागदावर आणायची काही गरज नाही. पोरीला सांगा कारण बदल, कौटुंबिक अडचण लिही, तुमचं पत्र जोडूच नकोस, पत्र काही सक्तीचं नाही. नाना ऐकत होते, पण त्यांची नजर कुंपणाकडं होती. पोरगी दोन वर्षं ज्याच्या मागं काट्यातनं चालली तो माणूस कोण होता, हे तिला आत्ता कळत असणार, आणि ते त्यांना बघवत नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता. तिनं तोच मुद्दा मांडला जो तिच्या मॅडमनी मांडला होता, फक्त आता उलट्या बाजूनं. म्हणाली, उद्या तिकडून कुणी विचारलं, देवीनं नाही म्हटलं म्हणजे काय, तर मी कालपर्यंत न अडखळता सांगितलं असतं. आता मला सांगता येणार नाही. माहीत असून लिहिलं तर आईला आजारी पाडण्यात आणि यात फरक काय?

मग ती वकिलांना म्हणाली, नाना सांगतील तसं लिहा. आणि नानांकडं पहिल्यांदा तिनं नीट बघितलं.

‘‘माझी दोनच वर्षं गेली, नाना. त्यातबी मला काम मिळालं. नूतनचं काय?’’

नानांना याचं उत्तर ठाऊक होतं, आणि ते कुठल्याही टेबलावर लिहून मिळणारं नव्हतं.

दुसरं पत्र व्हायला तास लागला. वकील एकेक वाक्य वाचायचे, बरोबर म्हणून विचारायचे, आणि नाना व्हय म्हणायचे. ह्या वेळी एकही व्हय अडला नाही. त्यात लिहिलं की कौल मी माझ्या स्वतःच्या कारणानं डावा पाडला, मुलीची किंवा तिच्या वडिलांची त्यात काही चूक नाही, त्यांनी श्रद्धेनं मानला. मुलगी दोन वर्षं रिकामी बसली नाही, देवराईत तिनं एकशे एकोणचाळीस वनस्पतींची नोंद केली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. खाली सही आणि फोन नंबर. वकिलांनी इंग्रजी केलं, शिक्का मारला, आणि फी घेताना म्हणाले, तीस वर्षांत असलं पत्र लिहिलं नाही. ते कौतुक होतं की निंदा, ते नानांना कळलं नाही.

सुलक्षणानं स्वतःचं पत्र तिथंच शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडं बसून बदललं. फार नाही बदललं. ‘देवीनं नाही म्हटलं’ हे वाक्य गेलं आणि त्या जागी आलं की माझ्या वडिलांनी मला थांबवलं, कारण त्यांना जे सांगण्यात आलं ते त्यांनी खरं मानलं, तपशील सोबतच्या पत्रात आहे. ‘खंड समजत नाही’ हे शेवटचं वाक्य तिनं काढून टाकलं. ‘ही दोन वर्षं माझी होती आणि ती मला न विचारता घेतली गेली, त्यांत मला जे करता आलं ते मी केलं,’ असं घातलं. त्याच दुपारी दोन्ही कागद विद्यापीठाच्या पानावर चढवले. वाडीच्या वळणावर नानांना उतरवताना ती एवढंच म्हणाली, बाबांना तुमी सांगा, मी सांगणार नाही.

नानांनी त्याच संध्याकाळी जाऊन गोरखला सांगितलं. गोरख वैरण तोडत होता. तो चिडेल, अंगावर येईल, असं नानांना वाटलं होतं, आणि खरं तर तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. गोरख कोयता हातात धरून उभा राहिला. त्याचं दुःख पोरीबद्दलचं नव्हतंच, ते वेगळ्याच ठिकाणचं निघालं.

‘‘म्हंजी आमी दोनदा जाऊन बसलो,’’ तो म्हणाला, ‘‘अन् देवीला इचारलं कुनीच न्हाई.’’

तेवढं बोलून तो पुन्हा वैरण तोडायला लागला. पुढच्या आठवड्यात देवळात बैठक झाली. कौल लावायचं काम चुलतभाऊ सोमनाथकडं गेलं. नानांकडं झाडलोट आणि दिवाबत्ती ठेवली. कुणी वाईट बोललं नाही. लोक बोलायचे थांबले, इतकंच. नाना पहाटे देवळात जायचे, तांदळ्यापुढं उभे राहायचे, आणि काय मागावं ते सुचत नसल्यामुळं परत यायचे.

फेब्रुवारीच्या मध्याला विद्यापीठाचं उत्तर आलं. सुलक्षणानं ते नानांना वाचून दाखवलं नाही, तिच्या धाकट्या बहिणीनं, स्नेहलनं, देवळात येऊन सांगितलं. उत्तर तीन ओळींचं होतं. खुलासा आणि सोबतचं पत्र मिळालं, दोन्ही कागद समाधानकारक आहेत, अर्ज निवडीसाठी पुढं पाठवला आहे. आणि दहा दिवसांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. वाडीत पेढे वाटले. स्नेहलनं नानांनाही आणून दिला.

त्या तीन ओळी ऐकून नाना फार हरल्यासारखे झाले. इतके दिवस ते वाट बघत होते की समुद्रापलीकडचं कुणीतरी फोन करील, विचारील, तुम्ही हे का केलंत, आणि शिक्षा नाही तर नाही, निदान एखादा कठोर शब्द तरी बोलेल. समाधानकारक! विद्यापीठातल्यांना हवा होता तो तारखांचा हिशोब, आणि तो जुळला होता. नानांचा त्यांच्याशी संबंधच नव्हता. ज्यांच्याशी होता, त्यातल्या एकीकडं ते अजून गेलेच नव्हते.

पेढे वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं नसरापूरला आणि तिथून टमटमनं कामथडीला गेले. नूतन रानात होती, कांद्याला पाणी देत होती. साडी वर खोचलेली, पाय चिखलात. नानांना बांधावर बघून तिनं हातानं थांबा म्हणून खूण केली, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि मग वर आली. तिची चार वर्षांची मुलगी आंब्याखाली खेळत होती. नूतननं विचारलं, सगळे बरे आहेत ना, आणि नानांच्या चेहऱ्याकडं बघून खाली बसली.

नानांनी सांगितलं. भोरला सांगितलं तेवढंच, पण इथं प्रत्येक शब्दाला जास्त वेळ लागला. सुलक्षणाचा कौल पाडला, हे सांगितलं. मग, तुझा लावलाच नव्हता, हे सांगितलं. एवढं झाल्यावर त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण पोरीसमोर कशी मागतात ते त्यांना येत नव्हतं. आयुष्यात कधी मागितली नव्हती.

नूतन रडली नाही. पाणी वाफ्यातून बाहेर जायला लागलं होतं, ती उठून ते वळवून आली. परत बसली.

‘‘सुलक्षणाला पत्र दिलं म्हनं तुमी. लिहून, सही करून.’’

‘‘व्हय.’’

‘‘मलाबी द्या.’’

नाना म्हणाले, देतो, पण ते कुणाला द्यायचं, कुठल्या कचेरीत? नूतन म्हणाली, ते मी बघीन, तुमी लिवा. घरातून तिनं वहीचा कागद आणि पेन आणलं. नाना बांधावर मांडी घालून बसले. ते वकिलांच्या नेमानंच लिहीत गेले, एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून. मी, संपत भिमा गुरव. बरोबर? व्हय, नूतन म्हणायची. माझी मुलगी नूतन हिला शिकायचं होतं. बरोबर? व्हय. तिला सुलक्षणापेक्षा दोन टक्के जास्त होते. व्हय. मी देवीला विचारलं नाही, आणि देवी नाही म्हणाली असं सांगितलं. ह्या वाक्याला नूतननं कागद हातात घेऊन स्वतः वाचला, मग व्हय म्हटलं.

मग त्यांना भोरला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य आठवलं, तारखांचं. अमुक सालापासून अमुक सालापर्यंत शिक्षण थांबलं. त्यांनी लिहिलं, सन दोन हजार एकवीसपासून, आणि पेन थांबलं.

‘‘कवापतूर लिवू?’’

नूतन मुलीकडं बघत होती.

‘‘ती जागा मोकळी ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘सही करा खाली.’’

नानांनी जागा मोकळी ठेवली आणि खाली सही केली.